रात्रपाळीला पाठवायचा निरोप: पाळी बदलताना पंधरा मिनिटं दोन्ही माणसं हजर. मजकूर कसा वाटतो?

ओतकाम_शिरोली
मंडळी, नमस्कार. शिरोली एमआयडीसीत एका मध्यम फौंड्रीत मेल्टिंग आणि ओतकामाची जबाबदारी माझ्याकडे आहे. एक टनाच्या दोन इंडक्शन भट्ट्या आणि तीन पाळ्या. आजपर्यंत सात, तीन आणि अकराला पाळी बदलायची आणि आलेला माणूस गेलेल्या माणसाला गेटवर भेटायचा. पुढच्या आठवड्यापासून प्रत्येक पाळीचा माणूस पंधरा मिनिटं आधी येईल, म्हणजे पाळ्या पावणेसात ते तीन, पावणेतीन ते अकरा आणि पावणेअकरा ते सात अशा होतील.

नाईटच्या ग्रुपवर टाकायला हा मजकूर लिहिलाय.

"नाईटच्या सर्व सहकाऱ्यांना नमस्कार. सोमवारपासून प्रत्येक पाळी बदलताना पंधरा मिनिटांचा ओव्हरलॅप राहील. या वेळात सेकंड शिफ्टकडून भट्टी, वाळू, लाईनवरचा पॅटर्न आणि मेंटेनन्सची अर्धवट कामं यांची माहिती समक्ष घ्यावी. पहाटे फर्स्ट शिफ्टला त्याच पद्धतीने माहिती द्यावी. हँडओव्हर रजिस्टरवर दोघांच्या सह्या असाव्यात. सहकार्य अपेक्षित."

नाईटची पोरं याकडे 'आमच्यावर नजर ठेवायला काढलंय' असं बघतील अशी भीती आहे. मजकुरात काय कमी आहे ते मोकळेपणाने सांगा. फौंड्रीबाहेरच्यांचे अनुभवही चालतील.

कळंबा_रोड
चांगला निर्णय. नाईटवाल्यांना पावणेसातला घरी सोडणार हे वाचून बरं वाटलं, जागरण करून लोक गाडी चालवतात.

ओतकाम_शिरोली
नाही हो दादा, उलट आहे. नाईटचा माणूस पावणेअकराला येईल आणि सातलाच सुटेल. पण तुमचा तसा समज झाला म्हणजे मजकुरात वेळा स्पष्ट नाहीत. 'ओव्हरलॅप' म्हटल्यावर कोणी लवकर यायचं आणि कोणी थांबायचं ते कळत नाही. दुरुस्त करतो.

नाईट_थर्ड
भावा, मी दुसऱ्या फौंड्रीत कायम नाईटला हाय. स्पष्टच सांगतो. पावणेअकराला पंच केलं तरी माणूस भट्टीवर पोचेतोवर अकराला सात-आठ मिनिटं उरत्यात. गेट, लॉकर, बूट, अॅप्रन, हेल्मेट, त्यात एखादा तंबाखू मळत थांबतो. पंधरा मिनिटं कागदावर, हातात सात. आणि समोरचा सेकंडवाला तोवर अंघोळीला गेलेला असतोय. 'सगळं ओके हाय' म्हणून हात हलवतो आणि गेला. तुमच्या मजकुरात 'माहिती समक्ष घ्यावी' लिहिलंय ते बरोबर, पण कुठं उभं राहून घ्यावी ते नाही. रजिस्टर ऑफिसात असलं तर दोघंबी ऑफिसात सही करून येणार आणि भट्टीकडं कुणी बघणार नाही.

भट्टीकाका
नाईट_थर्ड यांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. मी आयुष्य मेल्टिंगमध्ये काढलं, आता निवृत्त. मला विचाराल तर सात मिनिटं पुरतात, पण ती भट्टीच्या पॅनेलसमोर उभं राहून, भट्टी चालू असताना.

ओतकाम दादा, तुमच्या मजकुरात एक मोठी उणीव आहे. तुम्ही विषयांची नावं दिलीत, 'भट्टी, वाळू, पॅटर्न'. भट्टीबद्दल काय सांगायचं? 'चांगली आहे' असंच उत्तर येणार. मी माझ्या माणसांना दोनच गोष्टी विचारायला शिकवल्या. शेवटच्या रीडिंगनंतर तू काय केलंस? आणि काय अर्धवट ठेवून चाललास? बाकी सगळं लॉगशीटवर असतंच, ते वाचून दाखवण्यात वेळ घालवू नये.

उदाहरण देतो. एक टन भट्टी, ग्रे आयर्न, एफजी 260. समजा पार्टीची सिलिकॉनची मर्यादा 1.80 ते 2.10 आहे आणि आपण 2.00 धरून चालतो. साडेदहाला सॅम्पल गेलं, स्पेक्ट्रोची चिठ्ठी आली, कार्बन 3.35, सिलिकॉन 1.80. सेकंडच्या मेल्टरने तीन किलो फेरोसिलिकॉन टाकलं. त्यात सिलिकॉन साधारण बहात्तर टक्के, थोडं जळतं, म्हणजे दोन किलोच्या आसपास धातूत उतरतं. एक टनाला 0.20 टक्के वाढ. सिलिकॉन 2.00 वर आलं, अगदी बरोबर. पण पॅनेलला अडकवलेली चिठ्ठी अजून 1.80 चीच. नाईटचा मेल्टर येतो, चिठ्ठी बघतो आणि प्रामाणिकपणे आणखी तीन किलो टाकतो. झालं 2.19.

त्यात कोणाचीच कामचुकारी नाही. चिठ्ठी साडेदहाची होती आणि भट्टी अकराची.

ओतकाम_शिरोली
काका, हे तर आमच्याकडे घडण्यासारखंच आहे. 2.19 झालं तर तुम्ही काय करायचात? परत खाली आणायला किती त्रास?

भट्टीकाका
वाढवणं सोपं, उतरवणं अवघड. सिलिकॉन काढून घेता येत नाही, धातू पातळ करावा लागतो. 2.19 वरून 2.00 ला यायला एक टनाला जवळजवळ शंभर किलो स्टील स्क्रॅप लागतं. भट्टी भरलेली असेल तर आधी तेवढा धातू काढून पिगिंग करा, मग स्टील टाका. स्टीलमध्ये कार्बन नाहीच म्हणायचा, त्यामुळे 3.35 चा कार्बन 3.05 च्या आसपास घसरतो. मग साडेतीन-चार किलो कार्बुरायझर टाका, मुरू द्या, पुन्हा सॅम्पल पाठवा. पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, वीज जाते आणि मोल्डिंग लाईन थांबून राहते.

आणि हे कळलं तर. टॅपिंगआधी सॅम्पल पुन्हा पाठवलंच नाही तर तो धातू तसाच साच्यात जातो. वेज टेस्ट बघणारा माणूस असेल तर पाचरीच्या टोकाचा पांढरा भाग नेहमीपेक्षा कमी दिसतो, त्यावरून कळतं. नाहीतर दुसऱ्या दिवशी कडकपणा तपासताना आकडा खाली येतो. तोवर नाईट शिफ्ट घरी झोपलेली असते आणि खापर तिच्यावर फुटतं.

म्हणून चिठ्ठीवर सॅम्पलची वेळ आणि त्याखाली पेनाने 'तीन किलो फेरोसिलिकॉन, 10:42' एवढं लिहायचं. आणि तोंडी पण सांगायचं.

सिस्टरताई
मी फौंड्रीतली नाही, एका खाजगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स आहे. काकांचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे नेमकं हेच इन्सुलिनचं होतं. डोस दिलेला असतो, शीटवर लिहायचा राहिलेला असतो, नवीन सिस्टर शुगर बघते आणि परत देते. म्हणून आम्ही चार्ज पेशंटच्या बेडजवळ देतो, नर्सिंग स्टेशनवर नाही. पंपावरचा दर दोघींनी एकत्र बघायचा, ड्रिपच्या बाटलीत किती उरलंय ते बघायचं, आणि 'गेल्या तासाभरात काय बदललं' हे आधी सांगायचं. पेशंटचा पूर्ण इतिहास सगळ्यात शेवटी. नवीन मुली उलट करतात, इतिहासापासून सुरू करतात आणि वेळ संपतो.

कायदा_बोला
बाकी सगळं ठीक, पैशाचं काय? सव्वाआठ तास म्हणजे रोज पंधरा मिनिटं ओव्हरटाईम, आणि ओव्हरटाईमला दुप्पट दर हा कायदा आहे. हे मजकुरात न लिहिता 'सहकार्य अपेक्षित' लिहिणं म्हणजे फुकटात राबवून घेणं. नाईटवाल्यांनी नकार द्यावा.

रंकाळा_संध्याकाळ
मी एचआरमध्ये आहे, गोकुळ शिरगावच्या बाजूला. कायदा_बोला यांचं अर्धं बरोबर आहे. फॅक्टरी कायदा, 1948 च्या कलम 59 मध्ये दुप्पट दर होता, पण तो दिवसाला नऊ तास किंवा आठवड्याला 48 तास ओलांडल्यावर. आता त्याच्या जागी आलेल्या नव्या श्रमसंहितेतही जादा वेळेला दुप्पट दरच आहे. आता हिशोब करा. आठ तासांच्या पाळीत अर्धा तास जेवणाची सुट्टी खरोखर मिळत असेल तर काम साडेसात तास. त्यात पाव तास वाढला तरी पावणेआठ, सहा दिवसांचे साडेशेचाळीस. कायद्याने ओव्हरटाईम होत नाही. कंपनीच्या करारात आठ तासांवर काही ठरलं असेल तर गोष्ट वेगळी.

पण मेल्टरला जेवणाची सुट्टी मिळते का? तो पॅनेलसमोर डबा उघडत असेल तर ती सुट्टी धरता येत नाही. मग सव्वाआठ गुणिले सहा, साडेएकोणपन्नास तास. आठवड्याला दीड तास दुप्पट दराने द्यावाच लागेल.

आणि एक गोष्ट इथे कोणीच काढली नाही. जुन्या कायद्याचं कलम 58. एकाच प्रकारच्या कामावर एकाच वेळी दोन पाळ्यांची माणसं लावणारी पाळीपद्धत कारखान्यात चालत नाही, सूट घ्यावी लागते. नव्या श्रमसंहितेतही ही तरतूद राहिली आहे. शिवाय कामाच्या वेळांची नोटीस लावलेली असते, तिच्याशी माणसाची हजेरी जुळली पाहिजे. ओतकाम दादा, ग्रुपवर निरोप टाकायच्या आधी नोटीस बदला आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कोल्हापूर कार्यालयात विचारून घ्या.

कायदा_बोला
चार्ज देणं-घेणं म्हणजे 'एकाच प्रकारचं काम' कसं? एक माणूस भट्टी चालवतोय, दुसरा ऐकतोय.

रंकाळा_संध्याकाळ
तसा युक्तिवाद करता येतो, मीही केला असता. पण हजेरीपटावर त्या पंधरा मिनिटांत दोन मेल्टर दिसणार. तपासणीला आलेला अधिकारी तो कसा घेईल हे मी इथून सांगू शकत नाही. लेखी सूट हातात असलेली बरी.

ऊसपट्टा
साखर कारखान्यात केमिस्ट होतो. आमच्या पाळ्या चार, बारा, आठच्या. सीझनभर कारखाना थांबत नाही, पॅनवर मॅसेक्वीट अर्धवट शिजलेलं असतानाच माणूस बदलतो. आम्हाला कधी पंधरा मिनिटांचा ओव्हरलॅप लागला नाही. लॉगबुक नीट लिहिलं की पुरे. मला वाटतं तुम्ही लोक साध्या गोष्टीला पसारा करताय. लिहिण्याची शिस्त लावा, जास्तीचा वेळ कशाला?

भट्टीकाका
ऊसपट्टा, तुमचा पॅनमन बदलीचा माणूस पॅनजवळ येईपर्यंत जागा सोडायचा का? नक्कीच नाही. तो काचेवर दाणा दाखवूनच जायचा. ती तुमची पंधरा मिनिटंच होती, हजेरीपटावर नव्हती एवढंच.

लॉगबुकात आकडा असतो, कल नसतो. लीकेज मीटरचं घ्या. रजिस्टरवर लिहिलेलं असतं, अकरा वाजता इतके मिलीअँपियर. ट्रिपच्या खाली आहे, ओके. पण दुपारी तीनला किती होता? नवीन रॅमिंग केलेल्या लायनिंगमध्ये पहिल्या हीट्सना ओल असते, काटा वर जातो आणि ओल सुकेल तसा उतरतो. जुन्या लायनिंगमध्ये तो हीटमागून हीट थोडा थोडा चढत असेल आणि उतरत नसेल तर धातू कॉइलकडे वाट काढतोय. आकडा दोन्हीकडे सारखाच असू शकतो. त्याच्याबरोबर त्याच व्होल्टेजला भट्टी आधीपेक्षा जास्त किलोवॅट ओढायला लागली असेल तर लायनिंग झिजलंय हे पक्कं, कारण धातू कॉइलच्या जवळ आलाय. हे आठ तास पॅनेलसमोर बसलेल्या माणसाला माहीत असतं. तो लिहीत नाही, कारण रजिस्टरवर त्याला रकानाच नसतो.

ऊसपट्टा
पॅनजवळ दाखवूनच जायचे, हे खरं. मुद्दा मान्य. तरी सह्यांचं रजिस्टर वेगळं नको, असलेल्या लॉगशीटवरच जागा करा. दोन ठिकाणी लिहायला लावलं की दोन्हीकडे अर्धवट लिहितात.

वाळूवाला
+1, वेगळं रजिस्टर नको.

मी सँड लॅबमध्ये आहे. वाळूसाठी एक अडचण अशी की सेकंडवाल्याला विचारून पुरत नाही. फर्स्ट शिफ्टने बेंटोनाईट वाढवलं किंवा नवीन वाळू जास्त सोडली तर ती सगळी वाळू फिरून मिसळायला काही फेऱ्या जातात, कित्येक तास. फर्स्टने केलेला बदल सेकंडला थोडा आणि नाईटला पूर्ण दिसतो. नाईटला कॉम्पॅक्टेबिलिटी 40 वरून 45 ला गेली की माणूस पाणी कमी करतो. कारण पाणी नसतंच, सकाळी मिक्समध्ये केलेला बदल असतो. पाणी तोडलं की साच्याच्या कडा ठिसूळ होतात आणि पहाटे वाळू पडलेली कास्टिंग निघतात. म्हणून वाळूचा चार्ज देताना मागच्या दोन पाळ्यांत मिक्समध्ये काय बदललं ते सांगायला हवं.

नाईट_थर्ड
वाळूवाले दादा, हे कुणीतरी पहिल्यांदा बोललं. आमच्या इथं नाईटचं रिजेक्शन जास्त येतं म्हणून आम्ही शिव्या खातो. सकाळी काय केलं ते आम्हाला कोण सांगत नाही.

पुणेकर_आता
मूळचा इचलकरंजीचा, सध्या पुण्यात सेफ्टीमध्ये आहे. मेंटेनन्सच्या अर्धवट कामांना ओतकाम यांनी शेवटी टाकलंय, ते मला वर हवं आहे. 6 जुलै 1988 ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर 167 माणसं गेली. दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह कामासाठी काढला होता आणि त्या जागी नुसतं झाकण बसवलं होतं. काम संध्याकाळी अपुरं राहिलं. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीला हा पंप दुरुस्तीला गेल्याचं माहीत होतं, व्हॉल्व्ह काढल्याचं माहीत नव्हतं. त्यांनी तो चालू केला. परमिटचा कागद होता, पण ती गोष्ट पाळी बदलताना बोलली गेली नाही.

तुमच्याकडे ते क्रेनचं ब्रेक असेल, भट्टीच्या कूलिंगचा आणीबाणीचा टँक असेल, टिल्टिंगचा हायड्रॉलिक पाईप असेल. लाईट गेल्यावर कॉइलला वरच्या टाकीचं पाणी मिळालं पाहिजे. तो व्हॉल्व्ह दुपारी कुणी दुरुस्तीसाठी बंद केला आणि रात्री दोनला वीज गेली, तर?

सिस्टरताई
आमच्याकडे याला नियम आहे की बंद केलेला अलार्म स्वतः चालू करूनच जायचं, किंवा समोरच्याच्या हाताने चालू करवून घ्यायचा.

ओतकाम_शिरोली
सगळ्यांचे आभार. मला आणखी एक प्रश्न आहे. पावणेअकरा ते अकरा या वेळात टॅपिंग आलं तर? आमच्याकडे एका भट्टीवर एसजी आयर्न चालतं. मॅग्नेशियम ट्रीटमेंट झालेला लॅडल घेऊन माणूस ओतायला निघालाय आणि पाळी बदलतेय. कोणी ओतायचं?

भट्टीकाका
ज्याने ट्रीटमेंट केली त्यानेच, शेवटच्या साच्यापर्यंत. त्या लॅडलचं घड्याळ ट्रीटमेंटपासून सुरू होतं. मॅग्नेशियम उडत राहतं, आठ-दहा मिनिटांच्या पुढे गेलं की ग्रॅफाइटचे गोळे बिघडायला लागतात. मधेच हात बदलले आणि दोघं बोलत उभे राहिले तर शेवटचे साचे वाया. तोवर नवीन माणसाने फक्त बघावं. लॅडल रिकामा झाला की मग चार्ज. टॅपिंग चालू असतानाही तसंच.

आणि एक शब्द ठरवा. आमच्याकडे नवीन माणूस मोठ्याने 'घेतली' म्हणायचा. तोवर भट्टी जुन्या माणसाची, बेल झाली असली तरी. ती पंधरा मिनिटं दोघं हजर असतात तेव्हाच भट्टी कोणाचीच नसते, हा मोठा धोका आहे. जुना समजतो नवीन आलाय, नवीन समजतो अजून अकरा वाजले नाहीत. पॉवर फुल ठेवून दोघं गप्पा मारताहेत आणि तापमान पन्नास अंश वर गेलंय, हे मी पाहिलंय.

कळंबा_रोड
थोडं विषयांतर. पावणेअकराला पोचायचं म्हणजे पेठ वडगाव, टोपकडून येणाऱ्यांना घर अजून लवकर सोडावं लागणार. कंपनीची गाडी आहे का? एका मोटारसायकलवर तिघं येतात ते थांबेल असं काही बघा.

नाईट_थर्ड
गाडीचं बरोबर. आणि एक सांगतो दादा, राग मानू नका. तुमच्या मजकुराची सुरुवात 'नाईटच्या सर्व सहकाऱ्यांना' अशी हाय. सेकंड आणि फर्स्टला वेगळा निरोप जाणार का? फक्त नाईटला गेला तर पोरं म्हणणार चूक आमचीच धरली. तिन्ही पाळ्यांना एकच निरोप जाऊ दे, आणि सेकंडवाल्याने भट्टी सोडून जायचं नाही हे त्यात असू दे. आम्ही घेणारे हाय. देणारा पळाला तर आम्ही काय घेणार?

ओतकाम_शिरोली
पटलं. राग कसला, हेच ऐकायला धागा काढला होता. व्यवस्थापनाशी आज बोललो. नोटीस बदलायची आणि कलम 58 च्या सूटसाठी अर्ज करायचा ठरलं, त्यामुळे सोमवार पुढे गेला, तारीख सूट हातात आल्यावर. मेल्टरना जेवायला सोडणारं कोणी नाही हे मान्य झालं, त्यांचा जादा वेळ दुप्पट दराने धरणार. मोल्डिंग आणि फेटलिंगच्या लोकांचं अजून ठरलेलं नाही. मुळात फेटलिंगच्या माणसांना ओव्हरलॅप लागतो का असा प्रश्न आहे, बहुधा त्यांना वगळू. ठेकेदाराच्या माणसांबद्दल ठेकेदाराशी बोलणं बाकी आहे.

नवीन मजकूर, तिन्ही पाळ्यांसाठी:

"नमस्कार. (तारीख) पासून पाळ्या अशा राहतील: पावणेसात ते तीन, पावणेतीन ते अकरा, पावणेअकरा ते सात. म्हणजे येणारा पंधरा मिनिटं आधी येईल, जाणारा नेहमीच्या वेळेलाच सुटेल. मेल्टिंगच्या लोकांचा हा वेळ ओव्हरटाईममध्ये धरला जाईल, बाकी विभागांचं लवकरच कळवू.

चार्ज भट्टीच्या पॅनेलसमोर उभं राहून द्यायचा-घ्यायचा, ऑफिसात नाही. जाणाऱ्याने आधी मेंटेनन्सचं सांगायचं: काय उघडं आहे, काय बंद करून ठेवलंय, काय चालू करायचं नाही. कूलिंगच्या आणीबाणीच्या टाकीचा व्हॉल्व्ह दोघांनी मिळून डोळ्यांनी बघायचा. मग भट्टीत आत्ता काय आहे ते: किती धातू, शेवटचं सॅम्पल किती वाजताचं, आणि त्यानंतर काय व किती टाकलं. टाकलेलं स्पेक्ट्रोच्या चिठ्ठीवर वेळेसह लिहिलेलं असलं पाहिजे. लायनिंग कितव्या हीटवर आहे, आणि लीकेजचा काटा व किलोवॅट पाळीच्या सुरुवातीला किती होते आणि आता किती आहेत. वाळूच्या मिक्समध्ये मागच्या दोन पाळ्यांत काही बदललं असेल तर ते.

टॅपिंग चालू असेल किंवा ट्रीटमेंट झालेला लॅडल ओतायचा असेल तर तो जाणाऱ्या माणसानेच पूर्ण करायचा, मगच चार्ज. त्यात अकराच्या पुढे वेळ गेला तर तोही हजेरीत धरला जाईल. येणाऱ्याने 'घेतली' म्हणेपर्यंत भट्टी जाणाऱ्याची. सही रोजच्या लॉगशीटवरच, खालच्या रकान्यात. वेगळं रजिस्टर नाही.

विचारलेल्या गोष्टीचं उत्तर माहीत नसेल तर 'माहीत नाही' सांगावं, त्याबद्दल कोणाला बोल लावला जाणार नाही."

रंकाळा_संध्याकाळ
खूप सुधारला. 'पुढे वेळ गेला तर हजेरीत धरला जाईल' हे वाक्य चांगलं आहे, पण टाइम ऑफिसलाही तेच सांगा. नाहीतर मशीन अकरानंतरची मिनिटं आपोआप कापतं आणि दोन आठवड्यांनी तक्रार येते.

कायदा_बोला
मेल्टरना दुप्पट मिळणार हे वाचून समाधान वाटलं. मोल्डिंगवाल्यांचं काय होतं ते इथे कळवा. ती लाईन मधेच थांबते का जेवायला, तेही बघा.

नाईट_थर्ड
आता पोरं वाचतील. शेवटची ओळ फळ्यावर पण लिहा.

भट्टीकाका
मजकूर चांगला उतरलाय. एक राहिलं. आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिली पाळी येते तेव्हा समोर चार्ज द्यायला कोणीच नसतं. आदल्या पाळीने भट्टी रिकामी करून थंड केलेली असते आणि लायनिंग थंड होताना त्याला भेगा पडलेल्या असतात. बारीक भेगा सावकाश तापवल्या की मिटतात, रुंद भेगांत धातू शिरतो. त्या दिवशी कोणी कोणाला सांगायचं?

ओतकाम_शिरोली
सध्या शेवटची पाळी लॉगशीट पॅनेलला लावून जाते, तेवढंच. तुम्ही काय करायचात काका?

भट्टीकाका
शेवटच्या मेल्टरचा फोन नंबर शीटवर, आणि स्क्रॅप टाकायच्या आधी बॅटरी घेऊन दोन माणसांनी आत बघायचं. भेग दिसली तर खडूने नाही, मोजून लिहायची, कुठे आणि किती रुंद. कांडी आत जाईल एवढी असेल तर पॅचिंग झाल्याशिवाय स्क्रॅप टाकायचं नाही. फोनची वेळ पाळीत धरायची की नाही ते रंकाळा ताईंना विचारा.

रंकाळा_संध्याकाळ
सुट्टीच्या दिवशी घरी आलेल्या फोनबद्दल मी आधी वाचून मग लिहिते.